पुरवठादार प्रश्नावली भरताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीतील एखादा लहान कारखाना डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरे लिहिली आहेत. तेथे पितळी बारपासून टर्निंग करून टर्मिनल, पिना आणि इन्सर्ट तयार होतात, टिन प्लेटिंग बाहेरून करून घेतले जाते आणि माल स्विचगिअर बनवणाऱ्या मोठ्या कंपनीकडे जातो, जी पुढे युरोपात निर्यात करते. अशा कारखान्याला वर्षातून एकदा तरी गुणवत्ता आणि कायदेपालन यांवरची दोन-तीनशे प्रश्नांची प्रश्नावली येते. ती भरणारा माणूस बहुधा तोच असतो, जो सकाळी डिस्पॅच पाहतो आणि दुपारी रिजेक्शनच्या मीटिंगला बसतो.

सगळीकडे ‘होय’ लिहिले तर नेमके काय बिघडते? सगळेच तसे लिहितात ना?

पुष्कळजण लिहितात, आणि खरेदी विभागालाही ते ठाऊक असते. परंतु प्रश्नावली वाचणारे तीन वेगळे लोक असतात, हे लक्षात घ्यावे. खरेदी विभाग फक्त एकूण गुण पाहतो. पुरवठादार गुणवत्ता अभियंता तुमची उत्तरे ऑडिटला येताना छापून आणतो आणि त्यातली दहा-बारा निवडून पुरावा मागतो. तिसरा वाचक म्हणजे निर्यात-अनुपालन पाहणारा विभाग. तो तुमचे उत्तर आपल्या ग्राहकाला दिलेल्या घोषणेत जसेच्या तसे उतरवून घेतो आणि त्याची चूक वर्ष-दोन वर्षांनी, माल युरोपात पोहोचल्यावर उघड होते. ‘सगळे होय’ हे उत्तर पहिल्या वाचकाला खूश करते आणि उरलेल्या दोघांसमोर तुम्हाला अडचणीत आणते.

कायद्याची बाजूही माहीत असावी. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 18 नुसार, एखादी गोष्ट खरी नसताना, आपल्याजवळच्या माहितीचा पुरेसा आधार नसताना ती ठामपणे खरी म्हणून सांगणे हे मिथ्या निवेदनात मोडते, आणि सांगणाऱ्याला स्वतःला ती खरी वाटत असली तरी त्याने फरक पडत नाही. फसवण्याचा हेतू असेल तर ते कलम 17 मध्ये जाते. म्हणजे ‘मला तसे वाटले होते’ हा बचाव फार दूरपर्यंत नेत नाही. आपल्यासमोरच्या कागदातून जेवढे सिद्ध होते तेवढेच सांगायचे, ही सवय म्हणूनच लावून घ्यावी.

‘तुमचे उत्पादन रोह्स नियमांना अनुरूप आहे का?’ या प्रश्नाला पितळी भागांच्या कारखानदाराने काय उत्तर द्यावे?

रोह्स म्हणजे विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणांतील घातक पदार्थांवर मर्यादा घालणारा युरोपीय संघाचा निर्देश. या एका प्रश्नाचे उत्तर नीट समजले तर प्रश्नावलीतील निम्मे प्रश्न कसे वाचायचे ते कळते, म्हणून येथे जरा थांबू.

टर्निंगसाठी वापरले जाणारे फ्री-कटिंग पितळ शिशामुळेच नीट कापले जाते. चिप तुटते, टूल टिकते. सीडब्ल्यू614एन या ग्रेडमध्ये शिशाचे प्रमाण 2.5 ते 3.5 टक्के असते. समजा, तुमच्या बार पुरवठादाराच्या मिल टेस्ट सर्टिफिकेटवर ते 2.9 टक्के आहे. युरोपीय संघाच्या रोह्स निर्देशात (2011/65/ईयू) शिशाची मर्यादा 0.1 टक्का आहे आणि ती एकसंध पदार्थावर मोजली जाते. मग 2.9 टक्के म्हणजे मर्यादेच्या एकोणतीसपट झाले. तरीही भाग नियमबाह्य ठरत नाही, कारण निर्देशाच्या तिसऱ्या परिशिष्टातील 6(सी) ही सूट तांब्याच्या मिश्रधातूत 4 टक्क्यांपर्यंत शिसे चालवून घेते.

आता तीन उत्तरे शेजारी ठेवून पाहा. ‘होय, अनुरूप’ हे अपुरे आहे, कारण सुटीचा उल्लेख नसल्यामुळे वाचणारा शिसे नाहीच असे समजेल. ‘होय, शिसेमुक्त’ हे सरळ खोटे आहे. योग्य उत्तर असे:

‘पितळी मूळ पदार्थात शिसे 2.5 ते 3.5 टक्के आहे. सूट 6(सी) लागू धरून भाग रोह्सला अनुरूप आहे. आधार: बार पुरवठादाराचे मिल टेस्ट सर्टिफिकेट. प्लेटिंगविषयी प्लेटरची स्वतंत्र घोषणा सोबत जोडली आहे.’

या सुटी मुदतीच्या असतात आणि त्यांचा वेळोवेळी फेरविचार होतो. म्हणून उत्तरासोबत तारीख लिहावी आणि दरवर्षी उत्तर भरताना सूट अजून लागू आहे का, हे मूळ मजकुरात पाहून घ्यावे. गेल्या वर्षीचा कागद पुन्हा जोडणे ही येथे सर्वांत जास्त होणारी चूक आहे.

रीच आणि ‘एसव्हीएचसी नाही’ ही घोषणा वेगळी आहे का?

वेगळी आहे. रीच हा युरोपीय संघाचा रसायनांविषयीचा कायदा आहे आणि एसव्हीएचसी म्हणजे त्याच्या उमेदवार यादीत घातलेले अतिचिंताजनक पदार्थ. याच ठिकाणी रोह्सचे खरे उत्तर रीचमध्ये नकळत खोटे होऊन बसते. 27 जून 2018 रोजी शिसे रीचच्या उमेदवार यादीत गेले. त्यापुढे 0.1 टक्क्याहून अधिक शिसे असलेल्या वस्तूबाबत युरोपात माल आणणाऱ्याने पुढच्या ग्राहकाला माहिती देणे बंधनकारक झाले. रोह्समधली सूट येथे उपयोगाची नाही. उमेदवार यादीत नाव असणे म्हणजे शिसे वापरण्यास मनाई नव्हे, फक्त ते आहे हे सांगावे लागते. तेव्हा ‘आमच्या भागात कोणताही एसव्हीएचसी 0.1 टक्क्यापेक्षा जास्त नाही’ या ठरावीक वाक्यावर पितळी भागाच्या कारखानदाराने सही करू नये.

काहीजण एक पळवाट काढतात. समजा, तुमची पितळी पिन 8 ग्रॅमची आहे आणि ती 400 ग्रॅमच्या जोडणीत बसते. पिनेतले शिसे 3 टक्के धरले तर 0.24 ग्रॅम होते, आणि 400 ग्रॅमला ते 0.06 टक्के भरते. मग मर्यादेखालीच आहोत, असे म्हणता येईल का? येणार नाही. युरोपीय न्यायालयाने 10 सप्टेंबर 2015 रोजी स्पष्ट केले की मर्यादा जोडणीतील प्रत्येक वस्तूला स्वतंत्रपणे लागू होते. पिन जोडणीत गेली म्हणून तिचे वस्तूपण संपत नाही. पिनेसाठी आकडा 3 टक्केच राहतो.

उत्तरात पदार्थाचे नाव, सीएएस क्रमांक (शिशाचा 7439-92-1), टक्केवारी आणि भाग क्रमांक द्यावा. 5 जानेवारी 2021 पासून युरोपातील पुरवठादारांना अशा वस्तूंची नोंद तेथील एससीआयपी या डेटाबेसमध्ये करावी लागते. ती नोंद तुमच्या डोक्यावर नाही, पण तुमच्या ग्राहकाच्या युरोपीय खरेदीदाराला ती करण्यासाठी तुमचाच आकडा लागतो. ‘शिसे आहे’ असे लिहिल्याने ऑर्डर जाईल, ही भीती अनेकांना वाटते. पितळी टर्मिनल मागवणाऱ्या माणसाला पितळात शिसे असते हे माहीत असते; तो ‘नाही’ असे उत्तर वाचतो तेव्हा त्याला शिशापेक्षा तुमच्या बाकीच्या उत्तरांची शंका येते.

प्लेटिंग बाहेर होते. प्लेटरच्या वतीने आम्ही उत्तर द्यायचे का?

प्रश्न तुमच्या मालाविषयी आहे, म्हणून टाळता येणार नाही. परंतु जे तुम्ही पाहिलेले नाही ते ‘आम्ही तपासले’ असे लिहू नये. टिन प्लेटिंगमध्ये प्रश्न फार अवघड नसतो. अडचण येते ती सोबत दिल्या जाणाऱ्या झिंक प्लेटेड स्टील स्क्रूंची, कारण त्यांच्या पॅसिव्हेशनमध्ये, म्हणजे झिंकवरच्या संरक्षक थरात, रोह्सने मर्यादा घातलेले षट्‌संयुजी क्रोमियम असू शकते. पिवळा म्हणजे षट्‌संयुजी आणि निळसर पांढरा म्हणजे त्रिसंयुजी, हा दुकानातला जुना ठोकताळा आता विश्वासार्ह नाही, कारण पिवळ्या छटेचे त्रिसंयुजी पॅसिव्हेशनही मिळते. रंगावरून उत्तर देता येत नाही.

प्लेटरकडून दोन गोष्टी मागाव्यात: वापरत असलेल्या पॅसिव्हेशन रसायनाचे नाव आणि त्याच्या पुरवठादाराचे तांत्रिक पत्रक, आणि तुमच्याच एखाद्या लॉटवर केलेली क्रोमियम चाचणी. उत्तरात मग लिहावे: ‘प्लेटरच्या लेखी घोषणेवर आणि अमुक महिन्यातील एका लॉटच्या चाचणीवर आधारित, प्रत्येक लॉटची चाचणी होत नाही.’ हे शेवटचे अर्धे वाक्य लिहायला हात कचरतो. पण तेच नसेल तर वाचणारा प्रत्येक लॉट तपासला जातो असे गृहीत धरतो आणि पुढे तसा अहवाल मागतो.

आमच्याकडे आयएसओ 9001 प्रमाणपत्र आहे. ‘आयएटीएफ 16949 प्रमाणित वा समकक्ष’ या रकान्यात ‘होय’ चालेल का?

नाही. आयएसओ 9001:2015 हे सर्वसाधारण गुणवत्ता व्यवस्थापनाचे आणि आयएटीएफ 16949:2016 हे वाहन उद्योगासाठीचे, अशी ही दोन वेगळी प्रमाणपत्रे आहेत आणि ‘समकक्ष’ हा शब्द प्रश्न विचारणाऱ्याने काय गृहीत धरून टाकला ते विचारल्याशिवाय भरू नये. ‘आयएटीएफच्या धर्तीवर काम करतो’ असे लिहायचे असेल तर नेमके काय करता ते लिहावे: कंट्रोल प्लॅन आहे, प्रोसेस एफएमईए अमुक भागांसाठी आहे, उरलेल्यांसाठी नाही.

प्रमाणपत्राच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी, ती म्हणजे त्यावरचा पत्ता आणि व्याप्ती. पुष्कळ कारखान्यांत काम वाढल्यावर रस्त्यापलीकडचे शेड भाड्याने घेतले जाते, तीन-चार मशीन तिकडे जातात आणि प्रमाणपत्रावर मात्र पहिल्याच प्लॉटचा पत्ता राहतो. त्या शेडमध्ये बनणारा भाग ‘प्रमाणित जागेत तयार होतो’ असे म्हणता येत नाही. ‘मुख्य प्लॉट प्रमाणित, दुसरे शेड व्याप्तीत आणण्याचा अर्ज पुढील सर्व्हेलन्स ऑडिटसोबत करणार’ असे उत्तर द्यावे, आणि अर्ज खरोखर करायचा असेल तरच. आयएसओ ही संस्था स्वतः कुणालाही प्रमाणपत्र देत नाही. प्रमाणन संस्थेला एनएबीसीबीसारख्या मान्यता मंडळाची मान्यता आहे का, हे तुमच्या आधी ग्राहकच तपासतो. पंधरा दिवसांत घरपोच मिळालेल्या प्रमाणपत्राबद्दल वेगळे काही लिहीत नाही.

‘गेल्या 12 महिन्यांचा पीपीएम’ कोणता द्यावा? आमचे आणि त्यांचे आकडे जुळत नाहीत.

पीपीएम म्हणजे पाठवलेल्या दर दहा लाख नगांमागे नाकारलेले नग. आकडे जुळणार नाहीतच, कारण मोजण्याची पद्धत कुणी लिहिलेली नसते. उदाहरण घेऊ. वर्षभरात 6,40,000 नग पाठवले. असेंब्ली लाइनवर सुटे सुटे करून 96 नग नाकारले गेले. याशिवाय 5,000 नगांचा एक लॉट थ्रेड गेज न बसल्यामुळे परत आला; निवडून पाहिल्यावर त्यात 410 नग सदोष निघाले.

फक्त लाइनवरचे नग धरले तर 96 भागिले 6,40,000 म्हणजे 150 पीपीएम. लॉटमधले सदोष नग मिळवले तर 506 नग होतात आणि आकडा 791 होतो. परत आलेला सगळा लॉटच नाकारलेला धरला तर 5,096 नग होऊन आकडा जवळजवळ 7,963 वर जातो. एकाच वर्षाची ही तीन उत्तरे आहेत आणि हिशेब म्हणून तिन्ही बरोबर आहेत. कारखानदाराला 150 लिहावेसे वाटते, आणि ग्राहकाच्या पुरवठादार स्कोअरकार्डवर बहुधा यांपैकी मोठा आकडा आधीच चढलेला असतो.

यावर उपाय एकच. आधी ग्राहकाकडून त्यांचे स्कोअरकार्ड मागवून घ्यावे, मग आकडा, मोजण्याची पद्धत आणि लॉटची हकीकत एकत्र द्यावी: ‘791 पीपीएम, ग्राहकाकडील सर्व सदोष नग धरून. त्यांपैकी 410 नग एकाच लॉटमधले. कारण टॅपची झीज, गो-नोगो तपासणीची वारंवारता 200 नगांवरून 50 नगांवर आणली. त्यानंतरच्या लॉटमध्ये तक्रार नाही.’ असे उत्तर वाचून अभियंत्याला पुढचा प्रश्न विचारावा लागत नाही. मात्र ‘तक्रार नाही’ लिहिताना त्यानंतर किती लॉट गेले तेही पाहावे. एकच लॉट गेला असेल तर तसेच लिहावे.

‘कोणताही कामगार आठवड्याला 60 तासांपेक्षा जास्त काम करत नाही’ असे लिहून द्यायचे आहे. दसरा-दिवाळीच्या आधी तसे होतेच. काय करावे?

60 तासांची ही मर्यादा ओव्हरटाइम धरून असते आणि सात दिवसांत एक सुटी असावी अशी अट सोबत येते. इलेक्ट्रॉनिक्स क्षेत्रातील आरबीए आचारसंहितेतून ती अनेक ग्राहकांच्या प्रश्नावलीत आली आहे. सणाआधीच्या आठवड्यात सहा दिवस रोज 11 तास काम झाले तर 66 तास होतात. तसे झाले असेल तर ‘होय, पाळतो’ लिहिता येत नाही.

येथे सर्वांत वाईट मार्ग म्हणजे दुसरे मस्टर तयार करणे. सामाजिक ऑडिट करणारा माणूस मस्टरवर विश्वास ठेवून बसत नाही. तो साप्ताहिक सुटीच्या दिवशीचे गेट रजिस्टर, त्या दिवसाचा मशीनवरचा उत्पादन लॉग, तपासणी पत्रकावरची तारीख आणि डिस्पॅचचे चलन एकमेकांशी ताडून पाहतो. रविवारी मस्टरवर सगळ्यांची सुटी आणि तपासणी पत्रकावर मात्र रविवारीच केलेली सही, एवढे एक जुळले नाही की बाकीची सगळी कागदपत्रे संशयास्पद ठरतात. तासांचे उल्लंघन सुधारता येण्याजोगी त्रुटी धरली जाते. बनावट नोंदी आढळल्या तर बहुतेक ग्राहक पुरवठाच थांबवतात.

उत्तर असे लिहावे: ‘वर्षातील बहुतेक आठवड्यांत मर्यादा पाळली गेली. ऑक्टोबरमधील तीन आठवड्यांत 11 कामगारांचे काम 60 तासांहून अधिक झाले. कमाल 66 तास. ओव्हरटाइम दुप्पट दराने दिला. वेतनपत्रके उपलब्ध आहेत. पुढील वर्षी सणाआधीच्या मागणीसाठी सहा आठवडे अगोदर वेळापत्रक मिळावे, अशी विनंती केली आहे.’ शेवटचे वाक्य मुद्दाम घातले आहे, कारण उशिरा वाढवलेली ऑर्डर हेही जादा तासांचे कारण असते आणि ते कागदावर आणण्याची संधी पुरवठादाराला फारशी मिळत नाही.

कंत्राटदाराकडून आलेल्या कामगारांबद्दलही तेच. ‘सर्व कामगारांचा भविष्यनिर्वाह निधी भरला जातो’ या प्रश्नातल्या ‘सर्व’मध्ये ते येतात. कंत्राटदाराचे चलन आणि त्यातली नावे गेटवरच्या नावांशी जुळवून पाहिल्याशिवाय ‘होय’ लिहू नये.

पोर्टलवर फक्त ‘होय’, ‘नाही’ आणि ‘लागू नाही’ एवढेच पर्याय आहेत. अर्धवट होत असलेल्या गोष्टीचे काय?

‘नाही’ निवडून शेऱ्याच्या रकान्यात काय होते आणि काय होत नाही ते दोन वाक्यांत लिहावे. शेऱ्याची जागाच नसेल तर वेगळे पत्र जोडून त्यात प्रश्न क्रमांक द्यावा. ‘लागू नाही’ हा पर्याय अडचणीच्या प्रश्नांना बगल देण्यासाठी वापरला जातो आणि ऑडिटर आधी तेच प्रश्न उघडतो. तुमच्याकडे वेल्डिंग होत नसेल तर वेल्डरच्या पात्रतेचा प्रश्न लागू नाही. पण कटिंग ऑइल वापरत असताना घातक कचऱ्याचा प्रश्न ‘लागू नाही’ असूच शकत नाही.

काही प्रश्नांवर ‘नाही’ आले की पोर्टल पुढे जाऊच देत नाही, किंवा गुण शून्यावर येतात. असे वाटले तर भरण्याआधी गुणवत्ता अभियंत्याला मेल करून प्रश्नाचा नेमका अर्थ विचारावा. पुष्कळदा प्रश्न जगभरच्या पुरवठादारांसाठी एकदाच लिहिलेला असतो आणि तुमच्या प्रकारच्या भागाला तो कसा लावायचा याचे उत्तर त्यांच्याकडे तयार असते. ते उत्तर लेखी घ्यावे.

‘आमच्या माहितीनुसार’ हे शब्द घातले की आपण सुरक्षित होतो का?

थोडेफार, तेही माहिती मिळवण्याचा प्रयत्न केला असेल तर. प्लेटरला विचारलेच नाही आणि ‘आमच्या माहितीनुसार क्रोमियम नाही’ लिहिले, तर ते शब्द कुचकामी आहेत. त्यापेक्षा माहितीचा स्रोत लिहावा: कुणाचा कागद, कोणत्या तारखेचा, कोणत्या लॉटचा. शिवाय प्रश्नावलीच्या शेवटच्या पानावर ‘सादर करा’ या बटणाशेजारी अनेकदा नुकसानभरपाईचे कलम असते आणि ते प्रश्नावलीचा भाग समजून कुणी वाचत नाही. ते वेगळे छापून वकिलाला दाखवावे. गुणवत्ता विभागातल्या मुलाने रात्री साडेनऊला मुदत संपत असताना त्यावर क्लिक करणे योग्य नाही; कंपनीच्या वतीने सही करण्याचा अधिकार असलेल्या माणसानेच ते करावे.

गेल्या वर्षी सल्लागाराने भरलेली उत्तरे चुकीची आहेत असे आता कळले. गप्प राहावे का?

ग्राहकाला कळवावे, आणि नवीन प्रश्नावलीची वाट न पाहता. ऑडिटमध्ये सापडलेली चूक आणि तुम्ही स्वतः कळवलेली चूक यांची नोंद त्यांच्याकडे फार वेगळ्या रीतीने होते. पत्र लहान असावे: ‘आमच्या अमुक तारखेच्या घोषणेत भाग क्रमांक अमुक यात एसव्हीएचसी नाही असे लिहिले होते. ते चूक आहे. मूळ पितळात शिसे 2.5 ते 3.5 टक्के आहे. मिल टेस्ट सर्टिफिकेट सोबत जोडले आहे. ही दुरुस्ती त्या तारखेपासून पुरवलेल्या सर्व मालाला लागू समजावी.’ कारणमीमांसा आणि दिलगिरीचे परिच्छेद लागत नाहीत. त्यांना आकडा, भाग क्रमांक आणि कालावधी हवा असतो.

सल्लागाराने दिलेली धोरणपत्रे उघडूनही पाहावीत. त्यांत दुसऱ्याच कंपनीचे नाव राहून गेलेले आढळण्याचा प्रसंग दुर्मिळ नाही, आणि एकदा तर पितळी भागांच्या कारखान्याच्या धोरणात ‘आमच्या कताई विभागात’ असे वाचल्याचे आठवते.

उत्तरे पाठवल्यावर काय जपून ठेवावे?

पाठवलेल्या प्रश्नावलीची प्रत, आणि प्रत्येक ‘होय’समोर त्याचा पुरावा कोणत्या फाइलमध्ये आहे ते लिहिलेला एक साधा तक्ता. तक्त्यात तीन रकाने पुरतात: प्रश्न क्रमांक, पुरावा, पुराव्याची मुदत कधी संपते. तिसरा रकाना बहुतेक जण ठेवत नाहीत. मायक्रोमीटरचे कॅलिब्रेशन, प्लेटरची घोषणा, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती या सगळ्यांची मुदत वर्षाच्या मध्येच कुठेतरी संपते आणि तोपर्यंत खरे असलेले उत्तर त्या दिवसापासून खोटे होते. महिन्यातून एकदा हा रकाना वाचण्याचे काम एका माणसाच्या नावावर लिहून ठेवावे, आणि एखादी मुदत संपूनही नवा कागद आला नसेल तर त्या प्रश्नापुरते ग्राहकाला कळवावे.